कर्जाच्या उताऱ्यातील चुकीचा व्याजदर आणि बँकेला लिहायचे पत्र

दुकानदाराने बँकेचे कर्ज घेतले की त्या कर्जाचा व्याजदर तीन ठिकाणी असतो. पहिले ठिकाण म्हणजे मंजुरीपत्र आणि त्यावरून झालेला कर्जाचा करार. तिथला दर बँकेने देऊ केलेला आणि कर्जदाराने सही करून स्वीकारलेला असतो. दुसरे ठिकाण म्हणजे बँकेच्या संगणकातले कर्जखाते. खाते उघडताना कर्मचारी तिथे दर भरतो आणि पुढे उतारा छापला की त्याच्या माथ्यावर हाच दर येतो. तिसरा दर कुठेच लिहिलेला नसतो. दरमहा खात्याला नावे पडणाऱ्या व्याजाच्या रकमेवरून तो उलटा काढावा लागतो. व्यवहार चोख असेल तर तिन्ही ठिकाणी एकच आकडा निघतो. दुरुस्तीचे पत्र लिहायची वेळ येते ती यांतला एखादा आकडा इतरांशी जुळत नाही म्हणून, आणि ते पत्र किती ठाम होईल हेही या तीन आकड्यांची तुलना किती नेमकी मांडली आहे यावर ठरते.

करारातला दर आज बहुतेक वेळा एका आकड्यात लिहिलेला नसतो. व्यापारी बँकांनी सूक्ष्म आणि लघु उद्योगांना दिलेली बदलत्या व्याजदराची नवी कर्जे १ ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या एखाद्या मानक दराशी जोडणे रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केले. बऱ्याच बँकांनी त्यासाठी रेपो दर निवडला. त्यामुळे मंजुरीपत्रात ‘रेपो अधिक अमुक टक्के’ अशी भाषा येते. रेपोवर चढवलेल्या या टक्क्यांना बँकेत स्प्रेड म्हणतात. त्यातून काही वेळा सवलत वजा होते, उदाहरणार्थ महिला उद्योजकांसाठी किंवा पुरेसे तारण दिल्याबद्दल. म्हणजे अंतिम दर हा दोन-तीन घटकांची बेरीज-वजाबाकी असतो, आणि संगणकात हे घटक वेगवेगळ्या रकान्यांत भरले जातात. चूक शिरते ती बहुधा इथेच. मंजुरीपत्रातली सवलत भरायची राहून जाते, स्प्रेडचा एखादा अंक चुकतो, किंवा खाते जुन्या दरपद्धतीच्या संकेतांकाखाली उघडले जाते आणि रेपो उतरला तरी त्या खात्याचा दर हलत नाही.

मात्र प्रत्येक फरक ही चूक नसते. पत्र लिहिण्याआधी हे तपासणे फार गरजेचे आहे, कारण निराधार तक्रार एकदा गेली की पुढची खरी तक्रारही शाखेत हलकी ठरते. रेपो बदलला त्याच दिवशी कर्जाचा दर बदलतो असे नाही. तीन महिन्यांतून किमान एकदा दर नव्याने ठरला पाहिजे असा नियम आहे, आणि तो नेमका कोणत्या तारखेला ठरेल हे करारात लिहिलेले असते. त्या तारखेपर्यंत जुनाच दर चालू राहणे नियमाला धरून आहे. दुसरी गल्लत उताऱ्याच्या माथ्यावरच्या दराची होते. तो बहुधा उतारा छापला त्या दिवशीचा दर असतो. मधल्या काळात दर बदलला असेल तर आधीच्या महिन्यांचे व्याज त्याच्याशी जुळणार नाही, आणि तरीही ते बरोबर असू शकते. तिसरी गल्लत ‘वार्षिक टक्केवारी दर’ या आकड्याची. १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जे आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची मुदत कर्जे देताना बँकेने कर्जदाराला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यायचे असते. त्यात व्याजदराशेजारी हा दुसरा दरही असतो. प्रक्रिया शुल्कासारखे खर्च त्यात मिळवलेले असल्यामुळे तो व्याजदरापेक्षा जास्त दिसतो. दोन्हींची तुलना करून तक्रार केली तर ती टिकत नाही.

आता एक उदाहरण घेऊन ते शेवटपर्यंत पाहू. आकडे समजावण्यासाठी घेतलेले आहेत, पण रीत खऱ्या व्यवहाराचीच आहे. तालुक्याच्या गावात एका बाईंचे स्टेशनरी आणि झेरॉक्सचे दुकान आहे. नवी यंत्रे आणि फर्निचर यांसाठी त्यांनी दहा लाख रुपयांचे पाच वर्षांचे मुदत कर्ज घेतले. मंजुरीपत्रात अट अशी आहे: व्याजदर रेपो अधिक ४.२५ टक्के, त्यातून महिला उद्योजकांची सवलत ०.५० टक्के वजा. कर्जाची रक्कम १ जुलै २०२५ रोजी हाती आली. त्या वेळी रेपो ५.५० टक्के होता, ६ जून २०२५ च्या पतधोरणात तो तिथे आला होता. तेव्हा दर निघतो ५.५० अधिक ४.२५ वजा ०.५०, म्हणजे ९.२५ टक्के. या दराने साठ महिन्यांचा हप्ता सुमारे २०,८८० रुपये बसतो. खात्यातून मात्र दर महिन्याच्या १ तारखेला २१,१२४ रुपये कापले जात आहेत. ऑक्टोबरमध्ये सहामाहीचा उतारा हाती आला तेव्हा त्याच्या माथ्यावर व्याजदर ९.७५ टक्के छापलेला होता. सवलतीचा अर्धा टक्का संगणकात भरलाच गेलेला नव्हता.

हप्त्यात फरक पडतो महिन्याला २४४ रुपयांचा. रोजच्या उलाढालीत तो सहज नजरेआड होतो, आणि म्हणूनच अशा चुका वर्षानुवर्षे चालत राहतात. हा फरक पाच वर्षे चालला तर साडेचौदा हजार रुपयांच्या पुढे जातो, आणि लहान दुकानाला ही रक्कम लहान नाही.

छापील दर चुकला म्हणून व्याजही चुकीनेच आकारले गेले असे गृहीत धरता येत नाही. काही वेळा फक्त उताऱ्यावर येणारी नोंद जुनी राहिलेली असते आणि व्याज योग्य दराने लागत असते. तसे असेल तर मागायची गोष्ट एवढीच उरते की नोंद सुधारून द्यावी. उलट, माथ्यावर बरोबर दर आणि व्याज मात्र जास्त, असेही घडते. म्हणून तिसरा, न लिहिलेला दर काढून पाहावा लागतो. बँका रोजच्या शिल्लक रकमेवर व्याज मोजतात आणि महिन्याच्या शेवटी एकदा ते नावे टाकतात. एखाद्या महिन्यात शिल्लक बदललेली नसेल तर हिशेब असा:

दर = व्याज × ३६५ × १०० ÷ (शिल्लक × दिवस)

जुलै महिन्यात शिल्लक पूर्ण ३१ दिवस दहा लाख होती आणि ३१ तारखेला ८,२८१ रुपये व्याज नावे पडले. ८,२८१ ला ३६५ आणि १०० ने गुणून दहा लाख गुणिले ३१ ने भागले की ९.७५ येते. म्हणजे छापलेला दरच प्रत्यक्षात लागला आहे. करारातल्या ९.२५ टक्क्यांनी हेच व्याज ७,८५६ रुपये व्हायला हवे होते. हिशेब अचूक यावा म्हणून असा महिना निवडावा ज्यात पैसे मधल्याच तारखेला भरलेले नाहीत. उदाहरणातल्या खात्याला ते सोयीचे आहे, कारण हप्ता १ तारखेलाच जातो. ज्यांचा हप्ता ५ किंवा १० तारखेला जातो त्यांनी महिन्याचे दोन भाग पाडून प्रत्येक भागाची शिल्लक आणि दिवस यांचा गुणाकार करावा आणि दोन्हींची बेरीज भागाकाराला घ्यावी. कॅश क्रेडिट खात्यात शिल्लक रोज बदलते. तिथे हाताने हिशेब करण्याऐवजी बँकेकडूनच त्या महिन्याची व्याज-गणना मागवलेली बरी. त्या कागदावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, किती शिल्लक रकमेवर, कोणता दर लागला हे ओळीने असते.

पुढच्या दोन महिन्यांचेही असेच मोजले की चित्र पुरे होते. बँकेने ऑगस्टला ८,१७४ आणि सप्टेंबरला ७,८०७ रुपये व्याज लावले, तीन महिन्यांचे मिळून २४,२६२. भरलेले हप्ते तेच धरून ९.२५ टक्क्यांनी हिशेब केला तर व्याज अनुक्रमे ७,८५६, ७,७५२ आणि ७,४०० रुपये होते, मिळून २३,००८. जादा आकारणी १,२५४ रुपये. यात एक बारीक गोष्ट दडलेली आहे. बँकेने लावलेल्या प्रत्येक महिन्याच्या व्याजातला फक्त अर्धा टक्का वेगळा काढला तर बेरीज सुमारे १,२४४ येते. उरलेले दहा रुपये हे जादा लागलेल्या व्याजावर चढलेले व्याज आहे. तीन महिन्यांत ते नगण्य दिसते, पण चूक दोन-तीन वर्षांनी सापडली तर हाच भाग फुगलेला असतो. म्हणून पत्रात केवळ ‘फरक परत द्या’ न म्हणता ‘पहिल्या दिवसापासून योग्य दराने हिशेब पुन्हा मांडा’ असे म्हणावे लागते.

या सगळ्या तयारीनंतर पत्र लहानच होते. ते असे असू शकेल:

दिनांक: १० ऑक्टोबर २०२५

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँकेचे नाव व शाखा)

विषय: मुदत कर्ज खाते क्र. ……… मध्ये व्याजदराची चुकीची नोंद दुरुस्त करणे व १ जुलै २०२५ पासून व्याजाची फेरआकारणी करणे.

संदर्भ: १) मंजुरीपत्र क्र. ……, दि. …… २) मुख्य तथ्यांचे विवरणपत्र, दि. …… ३) कर्जखात्याचा १ जुलै ते ३० सप्टेंबर २०२५ या काळाचा उतारा.

महोदय,

आपल्या शाखेतून आमच्या दुकानासाठी रु. १०,००,००० चे मुदत कर्ज मंजूर झाले असून ती रक्कम १ जुलै २०२५ रोजी खात्यातून अदा झाली आहे. मंजुरीपत्रातील व्याजाच्या कलमानुसार दर रेपो अधिक ४.२५ टक्के, वजा महिला उद्योजक सवलत ०.५० टक्के असा आहे. त्या दिवशीचा रेपो ५.५० टक्के धरता लागू दर ९.२५ टक्के होतो. विवरणपत्रातही हाच दर आहे.

संदर्भ ३ मधील उताऱ्यावर मात्र व्याजदर ९.७५ टक्के दाखवला आहे. व्याजाची आकारणीही त्याच दराने झाली आहे. जुलै महिन्यात रु. १०,००,००० शिल्लक रकमेवर ३१ दिवसांचे रु. ८,२८१ व्याज नावे पडले आहे, ९.२५ टक्क्यांनी ते रु. ७,८५६ होते. तीन महिन्यांत मिळून रु. १,२५४ जास्त आकारले गेले आहेत. महिनावार हिशेब सोबत जोडला आहे. मंजुरीपत्रातील सवलत खात्यात नोंदवायची राहिली असावी असे दिसते.

तरी विनंती की, खात्यातील व्याजदर १ जुलै २०२५ या तारखेपासून ९.२५ टक्के असा दुरुस्त करावा. त्या तारखेपासून व्याजाची फेरआकारणी करून जादा रक्कम ज्या त्या तारखेच्या अंमलाने कर्जखात्यात जमा करावी. हप्ता सुधारून परतफेडीचे नवे वेळापत्रक द्यावे. आणि दुरुस्त उतारा लेखी उत्तरासह द्यावा. आपल्या मते ९.७५ टक्के हाच दर योग्य असल्यास तो कोणत्या कलमानुसार लागू केला ते लेखी कळवावे.

दुरुस्ती होईपर्यंत हप्ते नियमित भरले जातील. हे हप्ते भरणे म्हणजे ९.७५ टक्के दरास संमती समजू नये.

सोबत: संदर्भातील तिन्ही कागदांच्या प्रती व महिनावार हिशेबाचा तक्ता.

आपली विश्वासू,
(सही, नाव, दुकानाचे नाव व शिक्का, दूरध्वनी क्रमांक)

या पत्रातली काही वाक्ये मुद्दाम तशी लिहिलेली आहेत. विषयाच्या ओळीत खाते क्रमांक, चूक आणि मागणी तिन्ही आहेत, कारण पत्र शाखेतून कर्ज केंद्राकडे किंवा विभागीय कार्यालयाकडे जाते तेव्हा पुष्कळदा ही एकच ओळ वाचून ते कोणत्या टेबलावर जायचे हे ठरते. चुकीचे संभाव्य कारण एका वाक्यात, आरोप न करता दिले आहे. शाखाधिकाऱ्याला एकट्याने दर बदलता येत नाही. एकाने नोंद भरायची आणि दुसऱ्याने ती मंजूर करायची अशी बँकेची पद्धत आहे, आणि मागच्या तारखेपासून दर बदलायचा तर मंजुरी बहुधा वरच्या कार्यालयाची लागते. ती देणाऱ्या अधिकाऱ्याला मंजुरीपत्रातले कलम आणि संगणकातला रकाना शेजारी ठेवून फरक दाखवता आला की काम पुढे सरकते. रागाने लिहिलेल्या दोन पानांत हे कलम सापडत नसेल तर पत्र खुलाशासाठी परत शाखेत येते.

‘ज्या त्या तारखेच्या अंमलाने’ हे शब्द पत्रात सर्वांत महत्त्वाचे आहेत. बँकेकडून होणारी अपुरी दुरुस्ती बहुतेक वेळा दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात दर आजपासून सुधारला जातो आणि मागचे तसेच राहते. दुसऱ्या प्रकारात मागचा फरक आजच्या तारखेला एकरकमी जमा होतो, आणि दरम्यान त्या रकमेवर लागलेले व्याज निघून जात नाही. मागची अंमल तारीख टाकून नोंद केली तर संगणक स्वतःच त्या दिवसापासूनचे व्याज पुन्हा मोजतो. दुरुस्त उतारा हाती आला की या पत्रातलेच आकडे त्याच्याशी ताडून पाहावेत. उदाहरणातल्या खात्यात ३० सप्टेंबरची शिल्लक ९,८२,०१४ ऐवजी ९,८०,७६० निघाली पाहिजे. हप्ते पत्र देताना भरत होते तेच धरलेले असल्यामुळे दोन शिल्लक रकमांतला फरक बरोबर १,२५४ येतो. दोन-पाच रुपये इकडेतिकडे झाले तर ते पैशांच्या पूर्णांकाचे असतात, त्यावर अडून बसू नये.

हप्ता चालू ठेवण्याचे आश्वासन देण्यामागे भलेपणाइतकाच व्यवहार आहे. दर चुकला म्हणून कर्जदाराने परस्पर कमी रक्कम भरली, तर संगणकाच्या दृष्टीने हप्ता थकतो. त्यावर दंडात्मक शुल्क लागू शकते आणि थकबाकीची नोंद पतमाहिती कंपनीकडे जाते. बँकेची मूळ चूक सुधारल्यावरही ही नोंद पुसायला वेगळी धावपळ करावी लागते. त्यापेक्षा जास्तीचे २४४ रुपये काही महिने भरून, ते संमतीने भरलेले नाहीत असे लेखी ठेवणे शहाणपणाचे आहे.

याच्याच जोडीला एका कागदाकडे फार काळजीने पाहावे लागते. बँका ठरावीक काळाने कर्जदाराकडून शिल्लक मान्यतेच्या पत्रावर सही घेतात. अमुक तारखेला अमुक रक्कम येणे आहे हे मान्य, असा त्याचा आशय असतो. मुदतीच्या कायद्यात, म्हणजे १९६३ च्या अधिनियमाच्या कलम १८ मध्ये, अशा लेखी कबुलीला महत्त्व आहे: वसुलीची मुदत संपण्यापूर्वी ती दिली तर मुदत नव्याने मोजली जाते. दुकानदार गर्दीच्या वेळी काउंटरवर आलेल्या कागदांवर सह्या करून देतो आणि त्यात चुकीच्या दराने फुगलेली शिल्लकही मान्य करून बसतो. तक्रार प्रलंबित असेल तर सहीच्या वर ‘दि. १० ऑक्टोबर २०२५ च्या पत्रातील व्याजदराच्या हरकतीस अधीन राहून’ एवढी ओळ हाताने लिहावी. उताऱ्याच्या तळाशीही अनेकदा बारीक अक्षरांत छापलेले असते की इतक्या दिवसांत चूक न कळवल्यास उतारा मान्य समजला जाईल. त्या ओळीने करारातला दर बदलत नाही, पण उशिरा गेलेल्या तक्रारीला उत्तर देताना बँक तिचा आधार घेते. म्हणून उतारा मिळताच पत्र द्यावे.

पत्र देण्याची रीत साधी आहे, पण त्यात हयगय चालत नाही. दोन प्रती न्याव्यात. एक शाखेत द्यावी आणि दुसरीवर बँकेचा शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्यावा. शाखेने पोच देण्यास टाळाटाळ केली तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पोचीच्या पुराव्यासह पाठवावे आणि शाखेच्या अधिकृत ईमेल पत्त्यावरही द्यावे. तोंडी बोलणे झाले, साहेबांनी ‘करून देतो’ म्हटले, यावर थांबू नये. साहेबांची बदली होते आणि त्यांचा शब्द त्यांच्याबरोबर जातो. पोच हाती असणे पुढच्या पायरीसाठीही आवश्यक आहे, ती कशी हे पुढे येईल.

बँकेच्या उत्तरात दर चुकला नसल्याचे कारण आले तर ते बारकाईने वाचावे. सवलतीला काही वेळा अटी असतात: उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र ठरावीक मुदतीत देणे, दुकानाचा विमा बँकेच्या नावे नोंदवणे, विक्रीचे पैसे त्याच बँकेच्या चालू खात्यातून फिरवणे. अट पुरी झाली नसेल तर सवलत न लागणे हा बँकेचा हक्क ठरतो, आणि अशा वेळी पत्राला पूर्ण यश मिळत नाही. अट नंतर पुरी केली तर त्या तारखेपासून सवलत मागता येते, मागच्या काळाची नाही. दुसरे उत्तर असे येऊ शकते की स्प्रेड वाढवला आहे. रेपोशी जोडलेल्या कर्जात स्प्रेडमधला पतजोखमीचा भाग बँकेला मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही. करारात ठरल्याप्रमाणे कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला असेल तरच तो बदलतो. तेव्हा कोणत्या मूल्यांकनात, केव्हा आणि काय बदल झाला हे विचारणारे दुसरे छोटे पत्र पाठवावे.

तिसरे उत्तर म्हणजे हप्ते थकल्यामुळे जादा दर लागला. यावर रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दंडव्याज व्याजदरात मिळवण्याची जुनी पद्धत बंद केली आणि तिच्या जागी वेगळे दंडात्मक शुल्क आणले. हे शुल्क मुद्दलात मिळवून त्यावर पुन्हा व्याज आकारता येत नाही. नव्या कर्जांवरील उताऱ्यात थकबाकीमुळे व्याजदरच दोन टक्क्यांनी चढलेला दिसला तर तो पत्रात दाखवून देण्याजोगा मुद्दा आहे.

बँकेने तक्रार नाकारली, उत्तर समाधानकारक नसले, किंवा तीस दिवस उलटूनही उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असणे ही त्याची पूर्वअट आहे, आणि पोच लागते ती इथे. तक्रार cms.rbi.org.in या संकेतस्थळावर नोंदवता येते आणि मदतीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. शुल्क काही नाही. वकिलामार्फत केलेली तक्रार मात्र घेतली जात नाही, दुकानदाराने स्वतः किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीने ती करायची असते. पत्र, पोच, मंजुरीपत्र, उतारा आणि महिनावार तक्ता हे पाच कागद जोडले की तक्रार पूर्ण होते. पहिल्या पत्रात जे आकडे दिले तेच इथे द्यावेत. रक्कम दर वेळी बदलली तर कोणता हिशेब खरा, असा प्रश्न समोरून येतो.

महाराष्ट्रातले पुष्कळ दुकानदार व्यापारी बँकेकडे न जाता नागरी सहकारी बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज घेतात. तिथे पत्राची रचना तशीच राहते, आधार बदलतात. रेपोसारख्या मानकाशी दर जोडण्याची सक्ती सहकारी बँकांना नाही. दर संचालक मंडळाच्या ठरावाने ठरतो आणि बदलतो. त्यामुळे उताऱ्यावर वाढीव दर दिसला तर पत्रात रेपोचा हिशेब न मांडता विचारावे की दरवाढीचा ठराव कोणत्या तारखेचा आहे, करारात दर बदलण्याचे कलम कोणते, आणि बदलाची सूचना कर्जदाराला केव्हा दिली. मंजुरीपत्रात स्थिर दर लिहिला असेल तर ठराव दाखवूनही तो वाढवता येत नाही, आणि पत्राचा सगळा भर तिथे द्यावा. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाच्या कक्षेत येत नाहीत. तिथली तक्रार संस्थेने न ऐकल्यास सहकार खात्याच्या तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या निबंधक कार्यालयाकडे जाते.

दुरुस्ती झाल्यावर दुकानाच्या वहीतही एक नोंद करायची असते. कर्जावरचे व्याज धंद्याचा खर्च म्हणून दाखवलेले असते. त्यातले जादा व्याज बँकेने परत जमा केले की तेवढा खर्च कमी होतो. दुरुस्ती त्याच आर्थिक वर्षात झाली तर व्याजाच्या खात्यातून रक्कम वजा करून काम भागते. वर्षाचे हिशेब बंद होऊन विवरणपत्र भरले गेले असेल तर परत आलेली रक्कम मिळाली त्या वर्षाच्या हिशेबात घ्यावी लागते. म्हणून बँकेचे उत्तर, दुरुस्त उतारा आणि सुधारित व्याज प्रमाणपत्र हे तीनही कागद हिशेब पाहणाऱ्या सनदी लेखापालाकडे द्यावेत. जुना उतारा फेकून न देता नव्याला टाचून ठेवावा, कारण आधी काढलेले व्याज प्रमाणपत्र चुकीच्या दराचे असते आणि दोन कागदांतला फरक कशामुळे आला हे पुढे कोणी विचारले तर दाखवायला तेवढाच पुरावा असतो.